फेस आला म्हणजे पाइप साफ झाला असं नाही: वास मारणारं, हळू उतरणारं सिंक घरी कसं सोडवावं

भांडी घासून झाली, नळ बंद केला, तरी सिंकमध्ये चार बोटं पाणी उभंच. ते हळूहळू उतरतं आणि जाताना कडेला तेलकट रेघ सोडून जातं. वाकून पाहिलं की आंबूस वास येतो. पाइप अजून पूर्ण तुंबलेला नाही, पण त्याच वाटेवर आहे. घरातल्या वस्तूंनी खरोखर सुटण्यासारखी अवस्था हीच, म्हणून हा लेख तेवढ्यापुरताच आहे. पाणी जागचं हलतच नसेल तर खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि गरम पाणी तिघंही कुचकामी ठरतात, कारण अडथळ्यापर्यंत ती पोचतच नाहीत. अशा वेळी थेट शेवटच्या भागाकडे जा.

आधी सिंकखाली वाकून पाहा

सिंकच्या जाळीखाली एक छोटी नळी असते, तिला वेस्ट कपलिंग म्हणतात. तिच्याखाली ट्रॅप असतो. तो कधी इंग्रजी यू अक्षरासारखा वळलेला पाइप असतो, कधी बाटलीच्या आकाराचा. त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात. ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठलेलं राहतं आणि तेच मुद्दाम ठेवलेलं झाकण असतं: गटारातला वायू त्या पाण्यामुळे घरात येत नाही. तिथून पुढे पाइप भिंतीत किंवा जमिनीत जातो. बऱ्याच सिंकांना हा शेवटचा तुकडा वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप असतो.

या वाटेत साचतं ते मुख्यतः स्निग्ध पदार्थ, साबण आणि अन्नाचे बारीक कण. लोणी किंवा चरबी गरम असताना पातळ होऊन जाते आणि पाइपच्या गार भिंतीला लागली की थिजते. पातळ तेल थिजत नाही, पण पीठ आणि साबणाचा साका यांना धरून तेही चिकटतं. त्या थरावर जिवाणू वाढतात आणि एक बुळबुळीत, राखाडी-काळी साय धरते. वास त्या सायीचा असतो. पाणी हळू उतरतं ते खालच्या मेणचट थरामुळे. वास आणि संथपणा एकत्र आले तरी त्यांची जागा वेगळी असते आणि उपायही वेगळा. ही एक गोष्ट लक्षात आली की निम्मी धडपड वाचते.

वास कुठून येतो ते ठरवा

जाळीवर एक ओलं फडकं घट्ट दाबून ठेवा. सिंकला वरच्या कडेजवळ जादा पाणी जाण्याचं भोक असेल तर तेही झाका. पंधरा-वीस मिनिटांनी सिंकखालचं कपाट उघडून वास घ्या. कपाटात वास भरून असेल तर तो सांध्यातून येतोय. बहुतेक वेळा लवचीक पाइप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या तोंडात नुसता खोचलेला असतो आणि भोवती फट राहिलेली असते. त्या फटीवर वरून ओतलेल्या कशाचाच परिणाम होणार नाही. तिला रबरी सील बसवावं लागतं.

कपाटात वास नाही, पण फडकं काढल्यावर भपकन आला, तर तो कसा आहे ते पाहा. आंबट, शिळा, खवट वास असेल तर घाण वरच्या वीतभर भागातच आहे. गटारासारखा, कुजक्या अंड्यासारखा वास असेल आणि सिंक बरेच दिवस वापरलं नसेल, तर ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असण्याची शक्यता जास्त. लिटर-दोन लिटर साधं पाणी ओता आणि खिडकी उघडा. वास गेला की काम संपलं.

मग वेळ मोजा

ही पायरी लोक गाळतात, आणि मग केलेल्या उपायाने काही फरक पडला की नाही हे त्यांना कधीच कळत नाही. सिंकमध्ये तळापासून 10 सेंटिमीटरवर आतून चिकटपट्टीचा तुकडा लावा. जाळीवर फडकं दाबून तिथपर्यंत पाणी भरा, फडकं एकदम काढा आणि तळ दिसेपर्यंत किती सेकंद लागतात ते फोनवर मोजा. आकडा लिहून ठेवा. मध्यम आकाराच्या सिंकमध्ये एवढं पाणी पंधरा लिटरांच्या आसपास भरतं. पाइप मोकळा असेल तर ते साधारण अर्ध्या मिनिटात जातं आणि जाताना वर भोवरा दिसतो. भोवरा दिसेनासा होणं ही पाइप अरुंद झाल्याची पहिली खूण.

मोजताना घरातल्या बाकीच्या मोऱ्यांकडेही कान द्या. सिंक रिकामं होताना बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज आला किंवा तिथे पाणी वर आलं, तर अडथळा सिंकच्या पाइपात नाही, घराच्या मुख्य लाइनमध्ये आहे. पुढचं काहीही करू नका, प्लंबरला बोलवा.

पहिलं काम ब्रशचं

वासावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय बाटलीत मिळत नाही. जाळी निघत असेल तर काढा आणि उलटी करून पाहा. वरून चकचकीत दिसणाऱ्या जाळीच्या पोटाला बहुतेक वेळा काळपट, शेवाळासारखा थर लोंबत असतो. बोट लावलं तर तो सायीसारखा सरकतो, आणि बोटाला तोच वास येतो जो तुम्हाला रोज येत होता. जुना टूथब्रश, भांडी घासायचा साबण आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन जाळी दोन्ही बाजूंनी घासा. मग बाटली धुण्याचा लांब ब्रश जाळीच्या खालच्या नळीत घाला आणि फिरवत फिरवत वर ओढा. जादा पाण्याच्या भोकातही टूथब्रश घाला. तिथून पाणी क्वचितच वाहतं, त्यामुळे घाण तशीच बसून राहते.

सोडा इथे खरा उपयोगी आहे, तो घासायला. त्याचे कण इतके मऊ असतात की स्टीलवर ओरखडे पडत नाहीत, आणि आंबट वासाची काही आम्लं तो निष्प्रभ करतो. तीन-चार चमचे सोड्यात थोडं पाणी घालून घट्टसर लेप करा, ब्रशने नळीच्या आत फासा आणि अर्ध्या तासाने धुवून टाका. नुसता वासच असेल आणि पाणी नीट उतरत असेल, तर इथेच थांबलात तरी चालेल.

दुसरं काम कढत पाण्याचं, पण उकळत्या नव्हे

पाणी हळू उतरत असेल तर खरं काम गरम पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण करतात. उष्णतेने चरबी सैल होते, साबण तिचे थेंब पाण्यात धरून ठेवतो आणि ती वाहून जाते. साबण नसेल तर ती वितळलेली चरबी पुढे दोन-तीन फुटांवर, हात पोचणार नाही अशा जागी, पुन्हा थिजते. म्हणून नुसतं गरम पाणी ओतू नका.

उकळतं पाणी थेट ओतायचा सल्ला सर्रास दिला जातो. पाइप प्लास्टिकचा असेल तर तो मानू नका. सिंकखालचे पांढरे-करडे पाइप बहुधा पीव्हीसीचे असतात. हे प्लास्टिक सुमारे 60 अंश सेल्सियसपर्यंत निर्धास्त असतं. 75-80 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, सांधे सैल होतात, वॉशर वाकडे बसतात. थर्मामीटर लागत नाही. एक भांडं उकळतं पाणी आणि तेवढंच नळाचं साधं पाणी एकत्र केलं की मिश्रण साधारण 60 अंशांवर येतं. एवढं पाणीसुद्धा कातडीवर पडलं तर काही सेकंदांत भाजतं, म्हणून मोठं पातेलं उचलण्याऐवजी दोन लिटरच्या भांड्याने ओता आणि मुलांना लांब ठेवा.

सिंकमध्ये पाणी उभं असेल तर आधी मगने उपसून काढा. त्यात गरम पाणी ओतलं तर ते वरच्या वर गार होतं. मग जाळीच्या भोकात दोन मोठे चमचे लिक्विड साबण घाला आणि दोन लिटर कढत पाणी हळूहळू ओता. या पहिल्या पाण्याचा काही भाग ट्रॅपमधलं गार पाणी बाहेर ढकलण्यात आणि पाइप तापवण्यात खर्ची पडतो, म्हणून एका भांड्यावर थांबू नका. पाच मिनिटं जाऊ द्या, पुन्हा दोन लिटर ओता. तिसऱ्यांदाही तेच करा.

यानंतरची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जाळी बंद करून सिंक कोमट साबणाच्या पाण्याने भरा आणि फडकं एकदम काढा. पंधरा लिटर पाण्याचं वजन एकाच वेळी पाइपात उतरतं आणि सैल झालेला थर पुढे ढकलतं. नळाच्या धारेत हा जोर कधीच येत नाही. नंतर दोन मिनिटं नळ पूर्ण सोडून ठेवा आणि पुन्हा वेळ मोजा.

सोडा आणि व्हिनेगरचा हिशेब

आता त्या प्रसिद्ध जोडीकडे येऊ. अर्धा कप सोडा टाका, वरून अर्धा कप व्हिनेगर ओता, फसफसलं की पाइप साफ, असं सांगितलं जातं. हिशेब करून पाहा. अर्धा कप सोडा म्हणजे साधारण 110 ग्रॅम. अर्धा कप व्हिनेगर म्हणजे 120 मिलिलिटर, आणि स्वयंपाकातल्या व्हिनेगरमध्ये आम्ल असतं 5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 6 ग्रॅम. एवढं आम्ल फक्त 8-9 ग्रॅम सोड्याशी अभिक्रिया करू शकतं. उरलेला शंभर ग्रॅम सोडा तसाच पाइपात उतरतो. तो विरघळायला लिटरभर पाणी लागतं. तेवढं पाणी गेलं नाही तर आधीच अरुंद झालेल्या ट्रॅपच्या तळाशी तो गाळ होऊन बसतो.

शिवाय फेसातून उरतं काय? कार्बन डायऑक्साइड वर निघून जातो, कारण पाइप वरून उघडा असतो आणि वायू सोप्या वाटेनेच जातो. तो अडथळ्याला खाली ढकलत नाही. मागे राहतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं पातळ पाणी. ते चरबीला काहीच करत नाही. सोडा किंचित अल्कधर्मी, व्हिनेगर सौम्य आम्ल. दोघांना एकत्र केलं की एकमेकांचा जोर मारून टाकतात. बुडबुड्यांनी जाळीखालची सैल साय थोडी उखडते आणि वास काही दिवस कमी होतो, एवढाच त्यांचा खरा लाभ. पाइप दाबून बंद करून फेस कोंडण्याचा प्रयत्न मात्र करू नका. सैल सांधा असेल तर तो निसटतो.

तरीही ही जोडी वापरायची असेल तर प्रमाण बरोबर घ्या: एक सपाट मोठा चमचा सोडा, म्हणजे साधारण 14 ग्रॅम, आणि सुमारे 200 मिलिलिटर व्हिनेगर. दहा मिनिटांनी कढत पाणी ओता. नळाचं पाणी जड असेल आणि जाळीवर पांढरे, खरखरीत डाग असतील, तर त्यांच्यावर व्हिनेगर एकटंच वापरा. क्षाराचा थर त्याने खरोखर विरघळतो. अर्धा तास भिजू द्या आणि घासून धुवा. त्यात सोडा मिसळलात तर हाच गुण हातचा जातो.

एक इशारा, जो कधीही विसरू नका. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. कॉस्टिकयुक्त ड्रेन क्लीनर टाकलेला असेल तर त्यावर व्हिनेगर किंवा गरम पाणी ओतलं की मिश्रण एकदम उकळून अंगावर उडू शकतं. आदल्या दिवशी घरात कुणी काही ओतलं होतं का, हे आधी विचारा.

माझ्या सिंकचं काय झालं

माझ्या सिंकला पाणी उतरायला 2 मिनिटं 40 सेकंद लागायला लागली होती, आणि वासही होता. पहिल्या दिवशी फक्त ब्रशने साफ केलं. वास जवळजवळ गेला, पण वेळ आला 2 मिनिटं 25 सेकंद. मला वासाची आणि संथपणाची जागा वेगळी असते हे त्या आकड्याने पटलं. दुसऱ्या दिवशी साबण आणि कढत पाण्याची पूर्ण फेरी केली: 1 मिनिट 15 सेकंद. संध्याकाळी आणखी एक फेरी: 50 सेकंद. तिसरी फेरी केली तरी 50 सेकंदच. मला वाटलं, झालं.

तीन दिवसांनी सहज मोजलं तर दीड मिनिट. आठवड्याने 2 मिनिटं 20 सेकंद. इतक्या लवकर मागे जाणं म्हणजे आत चरबीचा थर नुसता बसलेला नाही, तर पाणी थांबून राहतंय अशी एखादी जागा आहे. ट्रॅप उघडला तर तो बऱ्यापैकी स्वच्छ निघाला. खोट पुढे होती. लवचीक पाइप गरजेपेक्षा लांब होता आणि कपाटातल्या डब्यांच्या मागे झोळीसारखा लोंबत होता. त्या झोळीच्या तळाशी पाणी कायम साचून राहायचं. पाइप काढून उजेडात धरला तर वळ्यावळ्यांत राखाडी, मेणासारखा लगदा भरलेला होता आणि मधून पाणी जायला बोटभर जागा उरलेली होती. पाइप नवा घेतला, लांबी कमी केली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार राहील असा बसवला. वेळ आला 32 सेकंद. कितीही सोडा ओतला असता तरी ती झोळी सरळ झाली नसती.

कुठे थांबायचं आणि पुढे काय

कढत पाण्याच्या दोन फेऱ्यांनंतर आकडा सुधारला नाही, किंवा सुधारून आठवड्यात परत घसरला, तर ओतण्याचे उपाय संपले असं समजा. सिंकमध्ये चमचा, बाटलीचं झाकण, प्लास्टिकचा तुकडा गेल्याची शंका असेल तर दोन फेऱ्यांचीही वाट पाहू नका. ते वितळत नाहीत.

मग प्लंजर घ्या. रबरी वाटी बुडेल एवढं पाणी सिंकमध्ये ठेवा आणि जादा पाण्याचं भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करा. नाहीतर सगळा दाब तिथून निसटतो. सिंक दोन भांड्यांचं असेल तर दुसऱ्याचं तोंडही बंद करा. पंधरा-वीस वेळा सरळ वर-खाली करा. ओढताना बसणारा हिसका ढकलण्याइतकाच कामाचा असतो. खाली बादली ठेवूनच हे करा, कारण नुसता खोचलेला लवचीक पाइप दाबाने निघू शकतो. ड्रेन क्लीनर टाकलेला असेल तर प्लंजर मारू नका आणि ट्रॅपही उघडू नका. ते पाणी डोळ्यांत उडालं तर इजा गंभीर होते.

प्लंजरनेही झालं नाही तर ट्रॅप उघडा. खाली बादली ठेवा आणि उघडण्याआधी फोनवर फोटो काढा: कोणता वॉशर कुठे आणि त्याची निमुळती बाजू कोणीकडे, हे नंतर आठवत नाही. सांधे आवळणाऱ्या प्लास्टिकच्या चक्त्या हातानेच फिरतात. बॉटल ट्रॅपची खालची वाटी काढली की आतला गाळ बादलीत पडतो. ती वाटी धुवायला दुसऱ्या मोरीवर न्या. ट्रॅप काढलेल्या सिंकचा नळ सवयीने उघडला जातो आणि सगळं पाणी कपाटात येतं. ट्रॅप स्वच्छ निघाला तर लवचीक पाइप पाहा. तोही मोकळा असेल तर अडथळा भिंतीच्या आत आहे. तिथे स्प्रिंगसारखी लांब तार फिरवावी लागते, आणि हात बसलेला नसेल तर ते काम प्लंबरला द्या. वेळेचे आकडे आणि काय काय उघडून पाहिलं ते त्याला सांगा, म्हणजे तो पुन्हा ट्रॅपपासून सुरुवात करणार नाही.

परत जोडताना चक्त्या हाताने घट्ट बसतील एवढ्याच आवळा. पान्याने आवळल्या तर प्लास्टिकचे आटे तुटतात. मग सिंक पट्टीपर्यंत भरा, एकदम सोडा आणि प्रत्येक सांध्याखालून कोरडा कागद फिरवा. ओलसर ठिपका उमटला तर वॉशर तिरका बसलाय. खोलून परत बसवा. कागद कोरडा राहिला की नवा वेळ मोजा आणि जुन्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.